सायकोपॅथी आणि समाजविरोधी व्यक्तिमत्त्व

गुन्हेगारीशास्त्रात या दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते. समाजविरोधी व्यक्तिमत्त्व-विकृतीचे निदान मुख्यतः वर्तनावरून होते : वय किमान 18 हवे, पंधराव्या वर्षापूर्वीच वर्तन-विकृतीची लक्षणे दिसलेली असावीत. कायदेभंग, फसवणूक, बेजबाबदारपणा ही तिची चिन्हे. सायकोपॅथीत याशिवाय वरवरचे मोहक बोलणे, निर्ममता आणि अपराधभावाचा अभाव येतो. म्हणून तुरुंगातील पुष्कळ कैदी पहिल्या निदानात बसतात, दुसऱ्यात थोडेच.

सायकोपॅथी मोजण्यासाठी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची सुधारित सूची वापरतात. तिच्यात 20 बाबी असून प्रत्येकीला 0 ते 2 गुण मिळतात. उत्तर अमेरिकेत 40 पैकी 30 ही रूढ सीमारेषा आहे. मेख अशी की, बालवयातील गुन्हेगारी आणि गुन्ह्यांचे वैविध्य याच बाबींत मोजले जातात. समजा, एखादा लाघवी, निर्दय व्यापारी भागीदारांना सर्रास फसवतो, पण आवेग आवरतो आणि कधी पकडला गेलेला नाही. भावनिक बाबींत त्याला भरपूर गुण मिळतील, तरी एकूण बेरीज तिशीपर्यंत पोहोचणे कठीण. हिंसेचा अंदाज मात्र भावशून्यतेपेक्षा आवेगी, बेबंद जीवनशैलीच्या गुणांवरून अधिक बांधता येतो.

मानसोपचारतज्ज्ञ हार्वे क्लेकली यांनी सायकोपॅथीवरील 1941 च्या ग्रंथात वर्णिलेले बहुतेक रुग्ण खुनी नव्हते. ते थापाडे, कर्जबुडवे, घरच्यांना पिडणारे होते. पुढचे संशोधन मुख्यतः कैद्यांवर झाले, आणि तुरुंगात अर्थातच पकडले गेलेलेच भेटतात. चित्रपटांनी या चित्रात आणखी रक्त ओतले. सूचीचे गुण प्रशिक्षित तज्ज्ञाने मुलाखत व कागदपत्रे तपासूनच द्यायचे असतात. ते गुन्ह्याचा पुरावा ठरत नाहीत.