सर्वांसाठी संदेश हटवणे
सर्वांसाठी संदेश हटवणे ही पाठवलेला संदेश प्राप्तकर्त्यांच्या फोनवरूनही काढून टाकण्याची सोय आहे. व्हॉट्सॲपने ती 2017 मध्ये आणली, तेव्हा मुदत 7 मिनिटांची होती. ऑगस्ट 2022 मध्ये ती दोन दिवसांहून थोडी अधिक झाली. संदेशाच्या जागी तो हटवल्याची सूचना उरते. समजा, सेवाग्राममधील एका विद्यार्थी-गटात परीक्षेची चुकीची वेळ सकाळी कळवली आणि दुपारी हटवली. सकाळी वाचणाऱ्यांच्या मनातली चूक तशीच राहते. परंतु सूचना पाहून काय मागे घेतले, हे ते विचारू शकतात. टेलिग्रामवर 2019 पासून खासगी संभाषणातील दोन्ही बाजूंचे संदेश केव्हाही, मागमूस न ठेवता हटवता येतात. त्यामुळे तेथे जुना कबूलनामाही दुसऱ्याच्या नकळत नाहीसा होऊ शकतो.