घर अधिक घर

आमच्या पनवेलला 1852 साली नगरपालिका आली आणि 2016 साली महानगरपालिका. घराला घर लागत गेले आणि नगर झाले, असे मी एकदा वर्गात सहज बोलून गेलो. बोलता बोलता फळ्यावर बेरीजच मांडली: घर + घर = नगर. म्हटले, मुलांनो, प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक. सारख्या अक्षराला सारखाच अंक, वेगळ्याला वेगळा, आणि कोणतीही संख्या शून्याने सुरू व्हायची नाही. काढा उत्तर! त्या उत्तराने माझी कशी फजिती केली ते पुढे सांगतो.

अंकांना शब्दांत लपवण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष, शके 1036, शब्दांतच सांगितले आहे. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे एक. मग उजवीकडून डावीकडे वाचायचे. पण तिथे किल्ली सर्वांना ठाऊक असते. रस सहा, हे पंडितांना पाठ. किल्लीच नसेल आणि ती बेरजेतूनच शोधायची असेल, तर गंमत निराळी.

असे सर्वांत गाजलेले कोडे हेन्‍री ड्यूडनी या इंग्रज गृहस्थाने जुलै 1924 च्या 'स्ट्रँड' मासिकात दिले. हा मनुष्य तेराव्या वर्षी सरकारी कचेरीत कारकून झाला. कॉलेजची पायरी त्याने कधी पाहिली नाही. त्याच्या बेरजेत 'सेंड' आणि 'मोअर' मिळून 'मनी' होतो. आणखी पैसे पाठवा! मुंबईत शिकणाऱ्या मुलाच्या पत्राची आठवण व्हावी असा मजकूर. इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरे घातली, तर ती बेरीज अशी दिसते:

स ई न ड + म ओ र ई = म ओ न ई य

सुरुवात डावीकडून करावी. चार अंकी दोन संख्यांची बेरीज वीस हजारांपर्यंत पोचत नाही, म्हणून पुढे आलेला म हा एकच. आता हजाराच्या घरात स आणि एक मिळून दहा किंवा अधिक व्हायला हवेत. तेव्हा स नऊ, नाहीतर हातचा घेऊन आठ. बेरीज दहा किंवा अकराच होणार, म्हणजे ओ शून्य किंवा एक. एक तर म ने घेतला, ओ शून्य. स आठ धरला तर शतकाकडून हातचा यायला हवा. त्यासाठी ई नऊ लागेल आणि न शून्य होईल, पण शून्य ओ कडे आहे. म्हणून स नऊ.

शतकाच्या घरात ई मध्ये शून्य मिळवून न होतो. अक्षरे वेगळी, म्हणजे मागून हातचा आला आहे आणि न हा ई पेक्षा एकाने मोठा. मग दशकात न आणि र मिळून ई येऊन हातचा उरायचा, तर र नऊ किंवा, एककाचा हातचा आला असल्यास, आठ. नऊ गेलेला आहे. म्हणून र आठ, आणि एककातून हातचा येतोच.

उरले दोन ते सात. य निदान दोन, म्हणून ड आणि ई मिळून निदान बारा. त्यासाठी दोघांपैकी एक सात हवाच. ई सात असेल तर न आठ होईल, तो र कडे आहे. तेव्हा ड सात. ई सहा धरला तर न सात होतो, तोही गेला. ई पाच, न सहा, य दोन. 9567 आणि 1085 मिळून 10652. एकही ठिकाणी अंदाज करावा लागला नाही, आणि दुसरे उत्तर निघण्याला कुठे फटही राहिली नाही.

माझ्या कोड्यात मात्र चांगलीच फट होती. न एक, हे लगेच कळते. र ची दुप्पट करून पुन्हा र च यावा, तर र शून्य. इथवर ठीक. पुढे घ ची दुप्पट म्हणजे दहा अधिक ग. एका मुलाने 60 आणि 120 आणले, दुसऱ्याने 70 आणि 140, तिसऱ्याने 80 आणि 160, आणि मागच्या बाकावरून 90 आणि 180 आले. चौघेही बरोबर! भांडण जुंपले, आणि चूक गुरुजींची निघाली. कोडे करताना मी एक उत्तर सापडल्याबरोबर थांबलो होतो. दुसरे निघत नाही ना, हे तपासलेच नव्हते.

त्या रात्री दुरुस्तीला बसलो. पनवेल हे नाव घालावे असे फार मनात होते, पण 'वे' ला व मानायचे की वेगळे अक्षर, या काना-मात्रेच्या वादात मराठी कोडे अडकते. म्हणून साधीच अक्षरे घेतली आणि खाली दुसरी ओळ जोडली: नगर + घर = नजर. अक्षरांचे अंक दोन्ही ओळींत तेच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही ओळी लिहिल्या. 140 त 70 मिळवले की 210 होतात, 160 त 80 मिळवले की 240, 180 त 90 मिळवले की 270. तिन्ही दोनाने सुरू होतात, आणि न तर एक आहे. मागच्या बाकावरचा तो नव्वदवाला स्वतःच उठला, आपले उत्तर पुसून त्याने 60, 120 आणि 180 लिहिले आणि मला विचारले, "गुरुजी, आता पाचवे नाही ना निघत?"