सीएफए सनद : परीक्षांचे टप्पे आणि कार्यानुभव

चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट (संक्षेप : सीएफए) हे गुंतवणूक क्षेत्रातील व्यावसायिक पदनाम असून ते वापरण्याची सनद अमेरिकेतील सीएफए इन्स्टिट्यूट ही संस्था देते. या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा १९६३ साली झाली. सनदेसाठी तीन टप्प्यांच्या परीक्षा उत्तीर्ण होणे आणि विहित कार्यानुभव मिळवणे आवश्यक असते. तिन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती अनुभवाची अट पूर्ण होऊन सनद मिळेपर्यंत नावापुढे हे पदनाम लावू शकत नाही.

परीक्षांचे टप्पे

टप्पे क्रमानेच उत्तीर्ण व्हावे लागतात. पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास पदवी पूर्ण होण्यापूर्वीच्या २३ महिन्यांत पहिल्या आणि ११ महिन्यांत दुसऱ्या टप्प्याची परीक्षा देता येते. तिसऱ्या टप्प्यापूर्वी मात्र पदवी पूर्ण असावी लागते. अनुत्तीर्ण उमेदवारास त्याच टप्प्याची परीक्षा किमान सहा महिन्यांनंतर पुन्हा देता येते. प्रत्येक टप्प्यासाठी एकूण सहा प्रयत्नांची मर्यादा आहे.

कार्यानुभवाची अट

किमान ४,००० तासांचा अनुभव किमान ३६ महिन्यांच्या कालावधीत मिळवावा लागतो. या दोन्ही अटी एकाच वेळी लागू असतात. आठवड्याला ४० तास काम करणाऱ्याचे ४,००० तास सुमारे दोन वर्षांत भरतात, तरीही त्याला ३६ महिने पूर्ण करावेच लागतात. आठवड्याला २० तास काम करणाऱ्यास मात्र तास भरण्यासाठीच जवळपास चार वर्षे लागतात.

अनुभव परीक्षांच्या आधीचा, दरम्यानचा किंवा नंतरचा असला तरी चालतो. तो ठरवताना हुद्द्यापेक्षा कामाचे स्वरूप पाहिले जाते. काम गुंतवणूकविषयक निर्णयप्रक्रियेशी थेट संबंधित असावे किंवा त्या निर्णयांना उपयोगी पडणारे असावे. त्यामुळे बँकेतील नोकरी केवळ बँकेतील आहे म्हणून ग्राह्य ठरत नाही. स्वतःच्या पैशांची गुंतवणूक सांभाळणे हाही अनुभव मानला जात नाही.

कालनियोजनाचे उदाहरण

एप्रिल २०२७ मध्ये पदवीधर होणाऱ्या विद्यार्थ्याने फेब्रुवारी २०२६ मध्ये पहिला, नोव्हेंबर २०२६ मध्ये दुसरा आणि ऑगस्ट २०२७ मध्ये तिसरा टप्पा उत्तीर्ण केला, तसेच जुलै २०२७ मध्ये पात्र स्वरूपाची पूर्णवेळ नोकरी धरली, असे समजू. पूर्वीचा अनुभव नसल्यास त्याचे ३६ महिने जुलै २०३० मध्येच पूर्ण होतील. दुसऱ्या टप्प्यात तो एकदा अनुत्तीर्ण झाला, मे २०२७ मध्ये तो टप्पा आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये तिसरा टप्पा उत्तीर्ण झाला, तरी सनदेची तारीख पुढे जात नाही. उलट पहिली दोन वर्षे अपात्र स्वरूपाच्या कामात गेल्यास सर्व परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होऊनही सनद २०३२ पर्यंत लांबते. म्हणून अशा उमेदवाराच्या बाबतीत परीक्षेच्या तारखेपेक्षा नोकरीतील कामाचे स्वरूप अधिक निर्णायक ठरते.

सनदेसाठीच्या अर्जात अनुभवाचा तपशील द्यावा लागतो आणि तो परिचित व्यावसायिकांच्या शिफारशींद्वारे पडताळला जातो. त्यासाठी कामाच्या तासांची आणि जबाबदाऱ्यांची नोंद सुरुवातीपासून ठेवणे सोयीचे ठरते.