मराठी नावांमधील अरबी-फारसी मूळ

मराठी भाषकांत रूढ असलेली अनेक व्यक्तिनामे व आडनावे मूळची अरबी किंवा फारसी आहेत. बहमनी काळापासून दख्खनच्या दरबारांत फारसीचा वापर होता, त्यामुळे ही नावे हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांत आढळतात. देवनागरीत ती इतकी सरावाची झाली आहेत की त्यांचा अर्थ मराठीच्या आधारे लावला जातो आणि तेथेच चूक होते.

आडनावांचा अर्थ लावताना शब्दाचा सांधा शोधावा. 'नीस' हा अंत्यभाग फारसी 'नवीस' (लिहिणारा) याचे झिजलेले रूप आहे. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारा. वाकनीस म्हणजे घडामोडी टिपून ठेवणारा. यातील पूर्वपद अरबी 'वाकिआ' (घटना) हे आहे. चिटणीस या नावात मात्र 'चिठी' हा देशी शब्द फारसी 'नवीस'ला जोडलेला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांना संस्कृत पदनामे मिळून वाकनीस 'मंत्री' झाले, तरी आडनावांत जुनी फारसी पदे टिकून राहिली.

'जहागीरदार' या आडनावाचा संबंध 'जहाँगीर' (जग जिंकणारा) याच्याशी जोडण्याचा मोह होतो. तो संबंध चुकीचा आहे. मूळ शब्द 'जागीर' असून त्यात 'जा' म्हणजे जागा व 'गीर' म्हणजे धरणारा असे दोन घटक आहेत. त्यातला 'ह' मराठीत नंतर आला.

व्यक्तिनामांत खरी अडचण लिपीची आहे. अरबीतील 'काफ' व 'क़ाफ' ही दोन भिन्न अक्षरे मराठीत एकाच 'क'ने लिहिली जातात. म्हणून 'कमर' हे नाव वाचताना फारसी 'कमर' (कंबर) आठवते. नावातील शब्द मात्र अरबी 'क़मर', म्हणजे चंद्र. स्वरांची लांबीही जपावी लागते: 'हमीद' म्हणजे स्तुत्य, तर 'हामिद' म्हणजे स्तुती करणारा. घाईने लिहिलेल्या हजेरीपटात ही दोन नावे सहज एक होऊन जातात.

'अब्दुल' हे पूर्ण नाव नव्हे. 'अब्द' म्हणजे सेवक आणि 'उल' हा पुढच्या शब्दाशी जोडणारा भाग. 'अब्दुल करीम' म्हणजे 'करीमाचा', अर्थात उदार ईश्वराचा, सेवक. केवळ 'अब्दुल' अशी हाक मारल्यास 'चा सेवक' एवढेच उरते आणि कोणाचा, हे सांगायचे राहून जाते.

अक्षरे व सांधा बरोबर ओळखूनही कधी कधी अर्थ निसटतो. 'शाह' म्हणजे राजा, म्हणून शहाजी हे नाव राजवाचक वाटते. परंतु परंपरागत हकिकतीनुसार मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवली. सूफी साधूंच्या नावांत 'शाह' ही आदराची उपाधी असते, तर 'शरीफ' म्हणजे कुलीन. ही हकिकत स्वीकारली, तर शहाजी या नावातील 'शाह' सिंहासनावरचा नसून दर्ग्यातला ठरतो. धाकट्या भावाचे नाव शेजारी ठेवल्याशिवाय हा अर्थ उलगडत नाही.