फोन-रिमोट (सादरीकरणासाठी)

व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवरील स्लाइड पुढे-मागे सरकवण्यासाठी स्मार्टफोनचा केलेला बिनतारी वापर. बाजारात मिळणारा क्लिकर आणि त्याची यूएसबीत खोचायची चिमुकली जोडणी यांचे काम येथे फोन करतो. वक्त्याला लॅपटॉपपाशी उभे राहावे लागत नाही आणि ‘पुढची स्लाइड’ असे कुणाला सांगावेही लागत नाही. ही सोय स्मार्टफोनच्या आधीची आहे. 2005 च्या सुमारास सोनी एरिक्सनच्या के750 सारख्या बटणांच्या फोनमध्ये ब्लूटूथवरून संगणक चालवण्याचा रिमोट अंगचाच असे.

या रिमोटचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात फोन थेट सादरीकरणाच्या प्रोग्रॅमशी बोलतो. लिबरऑफिसचा इम्प्रेस रिमोट आणि ॲपलच्या कीनोटमधील रिमोट हे या जातीचे. त्यांत स्लाइडचे छोटे चित्र आणि वक्त्याच्या टिपा फोनवरच दिसतात, पण तो प्रोग्रॅम सोडून दुसऱ्या कशावर ते चालत नाहीत. दुसऱ्या प्रकारात फोन फक्त कीबोर्डची कळ दाबल्याचा संदेश लॅपटॉपला पाठवतो. कोणता प्रोग्रॅम उघडा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पॉवरपॉइंट, पीडीएफ, लिबरऑफिस असे काहीही चालवता येत असल्याने वेगवेगळ्या ठिकाणी बोलणाऱ्यासाठी हा दुसरा प्रकार अधिक उपयोगाचा. पुढील विवेचन त्याच जातीच्या केडीई कनेक्ट या मोफत, मुक्तस्रोत साधनाबद्दल आहे. आल्बर्ट वाका यांनी 2013 मध्ये ते लिनक्ससाठी सुरू केले. आज ते विंडोजवरही चालते.

कार्यपद्धती. केडीई कनेक्ट फोनवर आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडे बसवावे लागते. दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर आली की ती एकमेकांना हाक घालून शोधतात. एकीकडून जोडणीची विनंती जाते, दोन्ही पडद्यांवर पडताळणीची अक्षरे दिसतात आणि ती सारखी असल्याची खात्री करून दुसरीकडे होकार द्यायचा असतो. पुढची सगळी देवाणघेवाण कूटबद्ध होते. मग फोनवर `Slideshow remote` उघडले की पुढचे बटण दाबल्यावर लॅपटॉपला Page Down आणि मागचे दाबल्यावर Page Up ही कळ मिळते. सादरीकरण सुरू करण्याचे बटण F5 पाठवते. अँड्रॉइडवर आवाजाची बटणेही हेच काम करतात. आवाज वाढवण्याचे बटण पुढे नेते, कमी करण्याचे मागे आणते, तेही फोनचा पडदा मालवलेला असताना. बोटाला कळणारे खरे बटण मिळाल्याने वक्त्याची नजर श्रोत्यांवरून हटत नाही. पडद्यावरच्या बटणांपेक्षा ही सवय लावून घेणे कितीतरी चांगले.

या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. लागतो तो फोन आणि लॅपटॉप यांच्यातला मोकळा रस्ता, आणि बहुतेक अडचणी तिथेच येतात.

जोडणीतील अडथळे. समजा, एका महाविद्यालयाच्या सभागृहात व्याख्यान आहे. वक्त्याने घरी सगळे तपासून पाहिले, नीट चालले. सभागृहात दोन्ही यंत्रे महाविद्यालयाच्या वाय-फायवर जोडली, दोन्हीवर इंटरनेटही येते, पण फोनच्या यादीत लॅपटॉप दिसत नाही. येथे ॲप बिघडलेले नसते. महाविद्यालये, हॉटेले, संमेलनस्थळे यांच्या वाय-फायवर एका पाहुण्याचे यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी व्यवस्था सुरक्षिततेसाठी बहुधा मुद्दाम केलेली असते. ओळखण्याची खूण सोपी आहे. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता पाहावा आणि लॅपटॉपवर तो घालून आज्ञा द्यावी:

```
ping 192.168.1.23
```

उत्तर आले, तर रस्ता मोकळा आहे. मग केवळ हाक पोहोचत नसेल, आणि फोनवरच्या `Add devices by IP` मध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकून काम भागते. इंटरनेट दोन्हीकडे चालत असूनही उत्तर येत नसेल, तर त्या वाय-फायवर वेळ घालवू नये.

उपाय म्हणजे फोनचे हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्यावर जोडणे. आता मध्ये तिसरे कुणी नाही. मोबाइल डेटा बंद ठेवला तरी चालते, उलट तो बंदच ठेवावा, नाहीतर विंडोज फोनच्या डेटावर अपडेट उतरवू लागते. एवढ्याने न भागल्यास विंडोजचे फायरवॉल पाहावे. नव्या नेटवर्कला विंडोज ‘पब्लिक’ धरून बाहेरून येणारी जोडणी अडवू शकते. आपल्याच हॉटस्पॉटला `Private` ठरवले की अडसर दूर होतो. जिथे संस्थेच्या संगणकतज्ज्ञाकडून फायरवॉल उघडून घ्यावे लागते, तिथे त्याला 1714 ते 1764 हे टीसीपी आणि यूडीपी पोर्ट सांगावेत. हॉटस्पॉटची ही तयारी घरूनच करून जावी, असे स्पष्ट मत आहे. सभागृहाच्या वाय-फायवर विसंबणारा वक्ता आपली पहिली दहा मिनिटे यजमानांच्या हाती सोपवतो.

जोडणी असूनही स्लाइड न हलणे. कळ नेहमी लॅपटॉपवर त्या क्षणी सक्रिय असलेल्या खिडकीला मिळते. अँटिव्हायरसची सूचना किंवा अपडेटची चौकट मध्येच वर आली, तर Page Down तिला जाते आणि सादरीकरण ढिम्म राहते. फोनवर सगळे ठीक दिसते, म्हणून वक्ता पुन्हा पुन्हा बटण दाबतो. अशा वेळी लॅपटॉपपाशी जाऊन Alt+Tab ने सादरीकरण पुढे आणावे, किंवा स्लाइडवर क्लिक करावे. मात्र पॉवरपॉइंटमध्ये त्या क्लिकने स्लाइड एक पायरी पुढे जाते, हे लक्षात ठेवावे. ब्राउझरमध्ये स्लाइड उघडल्या असतील तर फोनवरचे सुरू करण्याचे बटण टाळावे, कारण तिथे F5 ने पान नव्याने उघडते. ॲक्रोबॅट रीडरमधील पीडीएफ आधी Ctrl+L ने पूर्ण पडद्यावर घ्यावी. एरवी Page Down ने पान नुसते थोडे वर सरकते.

गर्दीच्या सभागृहात, विशेषतः वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर, कळ पोहोचायला क्षणभर उशीर होऊ शकतो. तेवढ्यात दुसऱ्यांदा दाबले, की दोन स्लाइड उडतात. एकदा दाबून वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे.

खासगीपणा. फोन आणि लॅपटॉप जोडले की केडीई कनेक्ट फक्त रिमोट राहत नाही. फोनवर आलेले संदेश आणि फोन करणाऱ्याचे नाव लॅपटॉपवर दाखवणे हेही त्याचे काम आहे, आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो. घरचा निरोप किंवा बँकेचा ओटीपी शंभर माणसांसमोर भिंतीवर उमटू शकतो. म्हणून फोनवरच्या त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन `Notification sync` आणि `Telephony notifier` आधीच बंद करावेत, फोन ‘व्यत्यय नको’ स्थितीत ठेवावा. लॅपटॉप दुसऱ्याचा असेल, तर व्याख्यान संपल्यावर `Unpair` करूनच निघावे. ती जोडणी स्वतः तोडेपर्यंत टिकते, आणि पुढच्या वेळी दोन्ही यंत्रे एका नेटवर्कवर आली की न विचारता पुन्हा जुळते.