संहतीकडून नियंत्रण-घनफळाकडे

शहापूर तालुक्यातील भातसा जलाशयाभोवती, पाण्याच्या कमाल पातळीच्याही वरून जाणारे स्थिर काल्पनिक पृष्ठ मानल्यास त्याने वेढलेला अवकाश म्हणजे नियंत्रण-घनफळ, तर t या क्षणी त्यात असलेले ठरावीक पाणी म्हणजे संहती, जिचे वस्तुमान बदलत नाही. Δt काळानंतर यातील काही पाणी बाहेर गेलेले व नदीचे नवे पाणी आत आलेले असते, म्हणून नव्या साठ्यात बाहेर गेलेले मिळवून आत आलेले वजा केले की मूळचेच वस्तुमान मिळते. त्यातून पहिला साठा वजा करून, Δt ने भागून, Δt शून्याकडे नेल्यास

d/dt ∫ρ dV + ∮ρ v·n dA = 0

हे समीकरण मिळते. ρ ही पाण्याची घनता, v हा वेग आणि n हा पृष्ठाला लंब, बहिर्मुख एकक सदिश असल्याने आवक ऋण ठरते. बाष्पीभवन व पाझर हेही पृष्ठ ओलांडणारे प्रवाहच असल्याने ते वगळल्यास उन्हाळ्यातील पातळीची घट केवळ विसर्गाने स्पष्ट होत नाही.