‘आकर्षक व्यक्तिमत्त्व आवश्यक’

नाशिकच्या वर्तमानपत्रांतले ‘पाहिजेत’चे रकाने वाचण्याची मला जुनी सवय आहे. हरसूल आणि आसपासच्या पाड्यांवरच्या मुलामुलींना नोकरीचे अर्ज लिहून देता देता ती लागली. वेल्डर, ड्रायव्हर, गवंडी यांच्या जाहिरातीत माणसाला काय काम येते हे विचारलेले असते. साड्यांचे शोरूम, दवाखान्याचा स्वागतकक्ष, हॉटेलचे काउंटर असे काही आले की भाषा बदलते. ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व आवश्यक’, ‘स्मार्ट व प्रेझेंटेबल’, कधी थेट ‘सुस्वरूप’, आणि खाली ‘फोटोसह समक्ष भेटा’. यातला ‘सुस्वरूप’ हा शब्द तर सरळ ‘वधू पाहिजे’च्या रकान्यातून उठून आलेला. तिथे त्याच्या शेजारी ‘गोरी’ लिहिलेले असते. इथे ते बहुधा लिहीत नाहीत, पण कोकणा-वारली घरातली मुलगी फोटो चिकटवताना ते वाचतेच.

या एका ओळीत दोन वेगळ्या मागण्या मिसळलेल्या असतात. अंग स्वच्छ, कपडे धुतलेले, केस विंचरलेले, बोलणे नीट ऐकू येणारे, ही एक मागणी. ती अर्जदाराच्या हातातली आहे आणि गिऱ्हाइकासमोर उभे राहणाऱ्याकडून ती करणे गैर म्हणता येणार नाही. दुसरी मागणी रंगाची, नाकाडोळ्यांची, उंचीची, वयाची. ती कुणाच्याच हातात नाही. मालकाला विचारले तर तो पहिलीकडे बोट दाखवतो. निवड करताना दुसरी वापरली गेली की नाही हे कळायला मार्ग राहत नाही, कारण दोन्हींना शब्द एकच.

या शब्दाची आपल्याकडे एकदा मोठ्या न्यायालयात झाडाझडती झाली आहे, आणि ते प्रकरण मुंबईचेच. मराठीने विमानातल्या परिचारिकेला नावच ‘हवाई सुंदरी’ असे दिले. त्याच विमानात तसेच बरेचसे काम करणाऱ्या पुरुषाला मात्र आपण पर्सर म्हणत राहिलो, कुणी त्याला ‘हवाई सुंदर’ म्हटले नाही. कामाच्या नावातच रूप घातले की पुढची अट निराळी लिहायचीही गरज उरत नाही.

१९५३ मध्ये सरकारजमा झालेल्या एअर इंडियाच्या सेवानियमांत हवाई सुंदरीची निवृत्ती अशी होती : वयाच्या ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर लग्नाबरोबर, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांतले जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर एकेक वर्षाची मुदतवाढ देऊन ४५ पर्यंत ठेवण्याचा अधिकार व्यवस्थापकीय संचालकांकडे होता. ती कुणाला द्यावी, कुणाला नाकारावी, याचा नियम नव्हता. पर्सर ५८ पर्यंत नोकरी करत होते. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाले आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्या. फझल अली यांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने निकाल दिला.

हा निकाल मी पुनःपुन्हा वाचला आहे. त्यात दोन आवाज आहेत असे मला वाटते.

पहिला आवाज रूपाच्या युक्तिवादावर चिडलेला आहे. ही युक्ती जुनी होती. आधीच्या एका लवादानेही मान्य केले होते की तऱ्हेवाईक प्रवाशांना आणि अवघड प्रसंगांना तरुण, देखणी मुलगी प्रौढ आणि कमी देखण्या बाईपेक्षा सफाईने तोंड देते. सर्वोच्च न्यायालयाने हे कोरे अनुमान आहे आणि स्त्रीत्वाचा अपमान आहे असे म्हटले. प्रवाशांच्या नाना आवडी पुरवण्यासाठी तरुण मुलींना शोभेच्या वस्तूंसारखे उभे करायचे काय, अनुभवी बाई प्रवाशांची काळजी अधिक चांगली घेते, आणि महामंडळाच्या मनात असला विचार असेल तर तो त्याने काढून टाकावा, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. गरोदरपणाची अट रद्द झाली. संचालकांचा बेलगाम अधिकारही रद्द झाला, कारण त्याला कसलीच मोजपट्टी नव्हती.

दुसरा आवाज शांत आहे, आणि प्रत्यक्षात जास्त दूर पोचला तो हाच. पर्सर आणि हवाई सुंदरी यांना समान वागणूक का नाही, या मुख्य प्रश्नाला न्यायालयाने उत्तर दिले की हे दोन वेगळे वर्ग आहेत. वेगळे कशावरून? भरतीच्या अटी वेगळ्या आहेत यावरून. शिक्षणाची अट वेगळी, वयाची वेगळी, आणि हवाई सुंदरी अविवाहितच हवी. पगार, बढतीचे टप्पे, निवृत्तीचे लाभ हेही वेगळे. दोन वर्ग वेगळे असल्यावर राज्यघटनेच्या १४ व्या कलमातली समानता त्यांच्यात मागता येत नाही. म्हणून चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट टिकली. तिच्या समर्थनार्थ मुलीची प्रकृती, तिची परिपक्वता, प्रशिक्षणाचा खर्च आणि कुटुंबनियोजन अशी कारणे निकालात दिली आहेत. ३५ वर्षांची वयोमर्यादाही तत्त्वतः राहिली.

आता या दोन आवाजांचा मेळ घालून पाहा. देखणेपणासाठी बाई ठेवू नका, असे एका पानावर सांगितले आहे. दुसऱ्या पानावर मान्य केले आहे की तरुण, अविवाहित अशी अट घालून तिला आत घेतले असल्यामुळे ती निराळ्या जातीची नोकर ठरते. म्हणजे जाहिरातीने वर्ग तयार केला आणि मग त्या वर्गाने जाहिरातीला आधार दिला. गोल फिरून आपण पुन्हा दारात. जाहिरातीतल्या अटीचे असे आयुष्य असते हे माझ्या ध्यानात या निकालामुळे आले. तोवर मी ती ओळ निवडीपुरती, एका दिवसाची समजत होतो.

योगायोगाने त्याच वर्षी, जून १९८१ मध्ये, अमेरिकेत टेक्सासच्या एका न्यायालयाने हाच प्रश्न दाराशीच अडवला. साउथवेस्ट एअरलाइन्स ही कंपनी ‘प्रेमाची विमानसेवा’ अशी स्वतःची जाहिरात करायची आणि विमानात व तिकीट काउंटरवर फक्त मुली नेमायची. त्यांचा पोशाखही तोकडा असायचा. ग्रेगरी विल्सन या पुरुषाला अर्जातच नकार मिळाला, म्हणून त्याने दावा लावला. कंपनी म्हणाली, आमचा धंदाच या आकर्षणावर उभा आहे. न्यायालयाने विचारले की तुम्ही विकता काय? उत्तर होते विमानप्रवास. माणसे सुखरूप एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवणे हे कंपनीचे मूळ काम, आणि ते पुरुषालाही येते. गिऱ्हाइकाला काय बघायला आवडते यावर नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला.

आपल्याकडे आत असलेल्या बाईने दावा लावला, तिकडे बाहेर ठेवलेल्या माणसाने. फरक मोठा आहे. आत असलेलीकडे नेमणूकपत्र असते, सेवानियम असतात, सहकारी असतात. बाहेर राहिलेल्याकडे ‘कळवतो’ एवढा एक शब्द असतो. तरी विल्सनची बाजू सोपी होती, कारण कंपनीने पुरुष नको हे उघड म्हटले होते. ‘आकर्षक’ म्हणणारा मालक काहीच उघड करत नाही.

आमच्याकडची मुले पोलीस भरतीची तयारी करतात, तेव्हा ही गोष्ट नीट दिसते. शिपाई पदासाठी मुलीला १५५ सेंटिमीटर आणि मुलाला १६५ सेंटिमीटर उंची लागते. ही अटही शरीराचीच आहे, आणि डोंगरातल्या बुटक्या बांध्याच्या मुलांना ती जाचक आहे असे माझे मत आहे. पण ती छापलेली असते, सर्वांसमोर पट्टीने मोजतात, आणि बाद झालेला मुलगा सांगू शकतो की तो किती सेंटिमीटरने गेला. त्यावर अर्ज करता येतो, सवलत मागता येते, मोजणी चुकली तर भांडता येते. शोरूममधून परत आलेल्या मुलीला कितीने गेली हे सांगता येत नाही. एअर इंडियाच्या संचालकांचा अधिकार न्यायालयाने ज्या कारणासाठी काढला ते हेच होते, की त्याला मोजपट्टी नाही. कापडदुकानदाराच्या हातात तोच अधिकार राहिला आहे.

तो का राहिला, याचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. समानतेचे १४ वे आणि सरकारी नोकरीतल्या संधीचे १६ वे कलम शासनाला बांधते, दुकानदाराला नाही. एअर इंडियालाही ते लागू होते ते ती सरकारी होती म्हणून. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे परत गेली आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगी झालेल्या कंपनीवर आता रिट याचिका चालणार नाही. म्हणजे नर्गेश मिर्झा ज्या वाटेने गेल्या ती वाट त्याच कंपनीतल्या आजच्या मुलीला बंद आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याने खासगी मालकालाही भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली, पण रूपाविषयी तो कायदा बोलत नव्हता. फ्रान्सने २००१ मध्ये भेदभावाच्या निषिद्ध कारणांत ‘शारीरिक रूप’ हे शब्द घातले; अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, ते १९७७ पासून आहेत. तिथेही मालकाला गणवेश आणि स्वच्छता मागता येते. मी सुरुवातीला ज्या दोन मागण्या वेगळ्या केल्या, त्या तिथे कायद्यानेच वेगळ्या केल्या आहेत.

आपल्या कायद्यात या दिशेने एकच फट आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अॅसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या व्यक्तींना दिव्यांगांच्या यादीत घेतले. त्यांचे हात-पाय, डोळे, बुद्धी पूर्ण शाबूत असली तरीही. त्यांच्या वाट्याला येणारी अडचण पुष्कळदा बघणाऱ्याच्या डोळ्यात असते हे कायद्याने इथे मान्य केल्यासारखे आहे. याच कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे. असे धोरण जाहीर केलेल्या आस्थापनेने स्वागतकक्षासाठी ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’ मागितले, तर ती दोन वाक्ये एकाच कागदावर कशी बसतात हे लेखी विचारता येते.

दुकानदारांची बाजू मी ऐकली आहे. ते म्हणतात, गिऱ्हाईक तोंड बघून आत येते. येत असेलही. पण साडीच्या दुकानात बाई दोन तास बसते ती घडी मोडून दाखवणारीला पोत, रंग, किंमत कळते म्हणून, आणि वीस साड्या उलगडूनही कपाळाला आठी पडत नाही म्हणून. ही कसोटी घ्यायला अर्धा तास पुरतो : दहा साड्या समोर ठेवा, एका चिकित्सक बाईला बसवा आणि बघा. जाहिरातीतही हे लिहिता येते. ‘मराठी-हिंदी बोलता यावे, हिशेब यावा, दिवसभर उभे राहण्याची तयारी असावी, गणवेश दुकानातर्फे मिळेल.’ या मजकुराला ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व आवश्यक’पेक्षा चार-पाच ओळी जास्त लागतात, आणि छोट्या जाहिरातीत पैसे शब्दांवर मोजतात.